‘दोन पेग’ म्हणजे नक्की किती? आधी ते मोजू, मग बोलू

*ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नवीन मेडिकल ऑफिसर आहे. बीपीच्या एका ४४ वर्षांच्या पेशंटची दारू पिण्याच्या सवयी तपासणारी ऑडिट प्रश्नावली भरून घेतली. आठवड्यातून दोन-तीनदा पितो, एका वेळी ‘दोनच पेग, पण घरचे, जरा मोठे’. स्कोअर १२ आला. मी सांगितलं, दारू सोडा नाहीतर लिव्हर जाईल. तो ‘हो डॉक्टर’ म्हणाला आणि दोन महिने फिरकलाच नाही. परवा गोळ्या न्यायला आला, बीपी १५२/९६. बाहेर लाइन असते, माझ्याकडे पाच-सात मिनिटंच असतात. त्यात नक्की काय बोलायचं? काय चुकलं माझं?*

अगं, पहिल्यांदा हे सांगते की तू विचारलंस हेच अर्धं काम झालं, कारण बहुतेक ठिकाणी बीपीच्या गोळीचा डोस वाढत जातो आणि दारूचा विषय कोणी काढतच नाही. पण तुझ्या पत्रातले दोन शब्द मला टोचले. एक ‘दोनच’ आणि दुसरा ‘मोठे’. सगळी गडबड तिथेच आहे, म्हणून आधी स्कोअरकडे परत जाऊ या आणि मग काय बोलायचं ते बघू.

ऑडिटमध्ये दहा प्रश्न, एकूण ४० मार्क. पहिले तीन पिण्याच्या प्रमाणाचे, पुढचे तीन दारूवर अवलंबून राहण्याच्या खुणांचे आणि शेवटचे चार झालेल्या नुकसानाचे. पहिल्या आठ प्रश्नांना ० ते ४, आणि नऊ-दहाला फक्त ०, २ किंवा ४. हे तुला माहीतच आहे. पण दुसऱ्या प्रश्नात ‘एका वेळी किती ड्रिंक’ असं विचारलंय ना, ते ड्रिंक म्हणजे पेशंटचा पेग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट मॅन्युअलमध्ये एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरलंय (काही देश ८ धरतात, अमेरिका १४, म्हणून इंटरनेटवरचे तक्ते एकमेकांत मिसळू नकोस). हिशोब सोपा आहे, किती मिली गुणिले किती टक्के, भागिले शंभर, आणि त्याला ०.७८९ ने गुणायचं कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ४० टक्क्यांची ६० मिली व्हिस्की म्हणजे २४ मिली अल्कोहोल, म्हणजे १९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन ड्रिंक. पाच टक्क्यांची ५०० मिली बिअर पण तेवढीच. ‘बिअर काय दारू असते का’ म्हणणाऱ्याला ही बेरीज शांतपणे करून दाखवायची, वाद घालायची गरजच पडत नाही.

माझा एक पेशंट होता, तोही असाच, दोन पेगवाला. मी त्याला एक रिकामा ग्लास आणि पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, घरी भरता तसा भरून दाखवा. त्याने सवयीच्या हाताने, माझ्याकडे बघत बघतच ओतलं. मग मी ५० मिलीच्या सिरिंजने ते पाणी ओढलं. एक सिरिंज भरली, दुसरी पण भरली, ग्लास रिकामा झाला. १०० मिली. तो बराच वेळ त्या दोन सिरिंजकडे बघत बसला. मी काहीच बोलले नाही, आणि आज वाटतं की त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं काउन्सेलिंग तेच झालं. त्यात कोणी कोणाला खोटं पाडलं नव्हतं, मोजलं होतं फक्त.

तुझा पेशंट पण समजा १०० मिलीच भरत असेल, तर एक पेग म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, दोन म्हणजे ६३, म्हणजे सहा ड्रिंकच्या थोडं वर. आता तुझी शीट परत भरून बघ. पत्रासोबत मार्क पाठवलेस ते बरं केलंस. पहिल्या प्रश्नाला ३, तो तसाच राहतो. दुसऱ्याला तू ० दिलेस कारण ‘एक किंवा दोन’ वर टिक केलंस, पण सहा ड्रिंकला २ मार्क. तिसरा प्रश्न, एका वेळी सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात, त्याला तू १ दिलास कारण तो म्हणाला ‘कधीतरी पार्टीत’, पण त्याचा तर नेहमीचाच बेत सहाचा आहे, म्हणजे दर आठवड्याला, म्हणजे ३. पुढे चौथ्याला ०, पाचव्याला १ कारण पिण्यामुळे एक-दोनदा कामाला जाणं राहिलं, सहाव्याला ०, सातव्याला २ कारण महिन्यातून एकदा तरी त्याला पश्चात्ताप होतो, आठव्याला १ कारण रात्रीचं थोडं आठवत नाही असं घडलंय, नवव्याला ०, दहाव्याला ४ कारण या वर्षात बायको बोलली. तुझी बेरीज १२ होती, ही झाली १६.

आणि हा चारचा फरक नुसता आकड्यांचा नाही. मॅन्युअलप्रमाणे ७ पर्यंत कमी धोका, तिथे माहिती देऊन सोडायचं. ८ ते १५ ला साधा सल्ला, १६ ते १९ ला साधा सल्ला अधिक छोटं काउन्सेलिंग आणि पुन्हा पुन्हा बोलावणं, २० आणि वर असेल तर तज्ज्ञाकडे नीट तपासायला पाठवायचं. (बायकांमध्ये आणि ६५ च्या पुढच्यांमध्ये सुरुवातीची रेघ ७ वर धरली तर कमी लोक निसटतात, हे पण लक्षात ठेव.) म्हणजे तुझा माणूस एक खोली पुढे सरकला. पण म्हणून तो व्यसनीच झाला असं नाही हं. त्यासाठी चार, पाच, सहा हे तीन प्रश्न वेगळे वाचायचे. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही, पिण्यामुळे ठरलेली कामं राहतात, सकाळी उठल्या उठल्या घोट लागतो, यात जर कोणी ‘दर आठवड्याला’, ‘रोज’ म्हणत असेल तर एकूण स्कोअर १४ असला तरी मी कान टवकारते. तुझ्या पेशंटचे तिथे ०, १, ० आहेत, हे चांगलं लक्षण आहे.

आता तुझं कुठे चुकलं ते. ‘सोडा’ म्हणणं हे दोन बाजूंनी चुकतं. तुझ्या या माणसासाठी ते मोठं पाऊल होतं, त्यासाठी त्याची तयारी नव्हती, म्हणून तो ‘हो’ म्हणून निघून गेला. तोंडदेखलं ‘हो डॉक्टर’ हे बहुतेक वेळा नकारच असतो. पण दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. खुर्चीत बसलेला माणूस खरंच अवलंबून असेल, रोज भरपूर पिणारा असेल आणि तुझं ऐकून त्याने त्याच रात्री एकदम बंद केली, तर शेवटच्या ग्लासानंतर काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम, धडधड सुरू होते, ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, भास होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून काही सांगायच्या आधी हा एक प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच, स्कोअर कितीही असो: ‘मागच्या काही महिन्यांत एक-दोन दिवस प्यायला नाही असं झालंय का? तेव्हा हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं असं काही झालं का? कधी फिट आली होती का?’ उत्तर हो असेल तर त्याला ‘एकदम बंद करू नका, आधी औषधं देऊन सुरक्षितपणे उतरवू’ एवढंच सांगायचं आणि त्याच दिवशी रेफर करायचं. हे पाच मिनिटांचं बोलणं त्याच्यासाठी नाहीच मुळी. तुझा पेशंट दोन-तीन दिवसांआड पितो आणि मधले दिवस त्याला काही होत नाही, असं त्याने सांगितलं, तर मग पुढे जाऊ.

बोलायची पहिली अट, बायको किंवा शेजारचं कोणी सोबत असेल तर त्यांना प्रेमाने बाहेर बसवायचं. समोर बायको असताना कोणीही खरं सांगत नाही, आणि ती आपली वकील झाली की तू त्याच्या विरुद्ध पार्टीत गेलीस. मग विषय काढायचा तो लिव्हरपासून नाही, ज्या कामासाठी तो आलाय तिथून, म्हणजे बीपीपासून. आणि परवानगी मागून.

‘तुमचं बीपी गोळी चालू असूनही वर आहे. दारूचा त्याच्याशी संबंध असू शकतो. त्याबद्दल पाच मिनिटं बोललो तर चालेल का?’

बहुतेक जण ‘बोला’ म्हणतात. नाही म्हणाला तर ‘ठीक आहे, पुढच्या वेळी’ म्हणायचं आणि खरंच पुढच्या वेळी विचारायचं. परवानगी मिळाली की ग्लास आणि पाणी काढ, मोज, शीट त्याच्यासमोर दुरुस्त कर आणि मग:

‘या फॉर्मवर तुमचे ४० पैकी १६ मार्क आले. ८ किंवा त्याच्या वर गेलं की दारूमुळे तब्येतीला, कामाला, घरात त्रास होण्याची शक्यता वाढते. तुम्हाला व्यसन आहे असं मी म्हणत नाहीये, पण तुम्ही धोक्याच्या पट्ट्यात आहात. हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?’

आणि इथे गप्प बस. खरंच गप्प. दहा सेकंद सुद्धा फार लांब वाटतात, लाइन बाहेर खोळंबलेली असते, हात आपोआप पेनाकडे जातो, पण बसायचं. तो म्हणेल, ‘पण मी काही दारुडा नाही हो, माझे मित्र तर बाटलीच संपवतात.’ इथे वादात पडायचं नाही. म्हणायचं, ‘बरोबर आहे, तुम्ही स्वतःला तसं समजत नाही, आणि मी पण तो शब्द वापरणार नाही. मित्रांचं सोडा, तुमच्या १५२ चं काय करायचं ते बघू.’ तो म्हणेल, ‘टेन्शन असतं, झोप लागत नाही.’ तर ‘पिऊन झोप लवकर लागते खरी, पण मध्यरात्री तुटते. तुम्हाला तीन-चारला जाग येते का?’ पुष्कळ जणांना येते, आणि ते चकित होतात की हिला कसं कळलं.

मग तयारी मोजायची. ‘पिणं कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १० मध्ये?’ समजा तो म्हणाला चार. आपला मोह असतो विचारायचा की ‘फक्त चारच का?’ आणि मग तो न पिण्याची अडचण सांगत बसतो, म्हणजे आपणच त्याच्या तोंडून पिण्याची बाजू वदवून घेतो. उलटं विचार. ‘चार म्हणालात, एक किंवा दोन का नाही म्हणालात?’ तेव्हा तो स्वतः सांगतो, मुलगा मोठा होतोय, बीपीची भीती वाटते, सकाळी डोकं जड असतं. ही त्याची कारणं केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहून ठेव. पुढच्या वेळी तुझी दहा कारणं सांगण्यापेक्षा त्याचं एक कारण आठवून दिलं की ते जास्त पोचतं.

याच्यानंतर सल्ला, आणि तो स्पष्ट, गोल गोल नाही. ‘डॉक्टर म्हणून माझा सल्ला आहे की कमी करा. एका दिवसात दोन ड्रिंकच्या वर नको, म्हणजे मोजून ६० मिली, आणि आठवड्यात निदान दोन दिवस तरी अजिबात नको. याहून कमी तर आणखी चांगलं. पण करायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं.’ ही मर्यादा संघटनेच्या ब्रीफ इंटरव्हेन्शन मॅन्युअलमधली आहे. एवढं प्यायलं की सुरक्षित, असा तिचा अर्थ नाही, संघटनेने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलंय की तब्येतीच्या दृष्टीने कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. ते लपवू नकोस, पण त्याला शून्यावर आणायच्या नादात सहावरून दोनवर येण्याचा रस्ता बंद करू नकोस. काही जणांना मात्र कमी करायला सांगायचंच नाही, पूर्ण बंदच सांगायचं: गरोदर बायका, लिव्हर किंवा स्वादुपिंडाचा आजार, दारूबरोबर न चालणारी औषधं, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, आणि आधी एकदा अवलंबून राहून बाहेर आलेला माणूस. (यातही जे आत्ता अवलंबून आहेत त्यांना वर सांगितल्याप्रमाणे देखरेखीखाली.)

आता पर्याय त्याच्यापुढे ठेव, दोन-तीनच, आणि त्यालाच निवडू दे. ग्लास बदलणं, म्हणजे औषधाच्या बाटलीचं झाकण किंवा मापाचा छोटा कप घेऊन मोजूनच भरायचं. आठवड्यात पिण्याचे वार आधीच ठरवायचे. उपाशीपोटी नाही, आणि मधे पाणी. ज्या मित्राबरोबर बसलं की मोजमाप सुटतं त्याच्याबरोबर आठवडाभर बसायचं टाळायचं. माझा अनुभव असा की त्याने स्वतः निवडलेला एक पर्याय, आपण दिलेल्या पाचांपेक्षा जास्त टिकतो. तुझा पेशंट म्हणाला समजा, ‘बुधवार-शनिवारच, आणि मापाने दोनदा ३०’, तर आठवड्याला चार ड्रिंक झाले. आत्ता त्याचे आठवड्याला तेरा ते एकोणीस होत असतील. मग विचारायचं, ‘हे जमेल असं किती वाटतं, ० ते १०?’ सातच्या खाली म्हणाला तर ठरवलेलं लहान कर, तीन वार ठेव पण माप तेच, म्हणजे जमणारं काहीतरी घेऊन तो बाहेर जाईल.

अडथळा पण आताच विचारून घे. ‘नक्की कुठे अडकेल?’ तो सांगेल, ‘ऑफिसची पार्टी.’ मग तिथलं वाक्य त्याच्याच तोंडून तयार करून घे. ‘डॉक्टरांनी बीपीसाठी मनाई केलीय’ हे बऱ्याच जणांना उपयोगी पडतं, कारण त्यात कोणाला नीतीचं भाषण दिल्यासारखं होत नाही.

एवढं सगळं सहा-सात मिनिटांत होतं, सरावाने. पहिल्या वेळी बारा लागतील. हे सगळ्यांच्या बाबतीत करायची गरज नाही, ८ ते १५ च्या माणसाला मार्क सांगणं, मर्यादा सांगणं आणि ‘जमेल का’ विचारणं, तीन मिनिटं, पुरे. आणि लांबवण्याचा हट्ट पण नको. २०१८ चा मोठा कॉक्रेन आढावा आहे, त्यात प्राथमिक आरोग्यसेवेतलं असं छोटं बोलणं वर्षभराने आठवड्याला सरासरी २० ग्रॅम, म्हणजे दोन ड्रिंक कमी करतं असं दिसलं, आणि जास्त लांब काउन्सेलिंगने त्यापेक्षा खूप फायदा दिसला नाही. हा आकडा छोटा वाटेल, पण सरासरी आहे ती, काहींचं काहीच बदलत नाही आणि काहींचं निम्म्यावर येतं. तुला कोण कुठल्या गटात आहे हे आधी कळणार नाही, म्हणून विचारत राहायचं.

शेवटचं, त्याला परत कधी बोलवायचं. मागच्या वेळी तू दोन महिन्यांच्या गोळ्या देऊन सोडलं असशील, इथे ते बदल. दोन ते चार आठवड्यांनी बीपी मोजायला म्हणून बोलव, कारण दारू कमी झाली तर बीपी काही आठवड्यांतच उतरायला लागतं आणि तो आकडा त्याच्यासाठी तुझ्या भाषणापेक्षा मोठा पुरावा ठरतो. त्या दिवशी ऑडिट परत भरून घेऊ नकोस, ही चूक फार होते. त्यात बरेच प्रश्न मागच्या वर्षाचे आहेत, त्यामुळे एका महिन्यात माणसाने खरंच कमी केलं तरी स्कोअर तसाच दिसतो आणि तो खट्टू होतो. त्याऐवजी मागचे सात दिवस एक एक वार घेऊन विचार: ‘काल? परवा? शनिवारी?’ आणि प्रत्येक दिवसाचे ड्रिंक लिही. शनिवारी माप सुटलं असेल तर ‘असं का केलं’ नाही, ‘शनिवारी काय झालं होतं?’ असं विचार. दोन-तीन भेटींत आकडा हललाच नाही, किंवा बाकीचे दिवस बंद करायला गेल्यावर हातच थरथरायला लागले, तर समज की हे काम आपल्या खुर्चीतलं नाही, तज्ज्ञाकडे पाठव, आणि पाठवलंस तरी बीपीसाठी तो तुझ्याकडेच येत राहील असं त्याला सांग.

परवा आला तेव्हा गोळ्या किती दिवसांच्या दिल्यास ते लिहिलं नाहीस. महिनाभराच्या असतील तर फोन करून, बीपी परत तपासायचंय एवढंच म्हणून, जरा लवकरच बोलावून घे. ग्लास, पाण्याची बाटली आणि एक ५० मिलीची सिरिंज टेबलाच्या खणात आधीच ठेव, तो समोर बसल्यावर शोधत बसू नकोस.